५४० अंशांची वाफ, ४५ अंशांचे कंडेन्सर आणि मधले न सापडणारे टक्के

मखमलाबादकर

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावीला आहे. मागच्या रविवारी एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राजवळून येताना तिने कूलिंग टॉवरवरची पांढरी वाफ पाहिली आणि विचारले, की एवढी उष्णता जर हवेत सोडून द्यायची असेल तर कोळसा जाळायचाच कशाला? घरी आल्यावर आम्ही दोघांनी पुस्तकातले कार्नोचे सूत्र काढले. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले होते, की २१० मेगावॉटच्या संचात वाफ साधारण ५४० अंशांना टर्बाइनमध्ये शिरते आणि कंडेन्सरमध्ये ४५ अंशांच्या आसपास तिचे पाणी होते. केल्विनमध्ये हे आकडे ८१३ आणि ३१८ होतात, म्हणजे एक वजा ३१८ भागिले ८१३ या हिशेबाने कमाल कार्यक्षमता ६१ टक्के आली. याच गृहस्थांच्या म्हणण्यानुसार अशा संचातून प्रत्यक्षात बाहेर जाणारी वीज कोळशातल्या उष्णतेच्या ३४-३५ टक्केच असते. मधल्या सव्वीस टक्क्यांचे काय होते, हे मला मुलीला नीट सांगता आले नाही. यंत्रे जुनी झाल्यामुळे असे होते, असे मी सांगून टाकले, पण माझेच समाधान झालेले नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

सातपूर_फिटर

सर, मी वीस वर्षे डिझेल जनरेटरची ओव्हरहॉलिंगची कामे करतो आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे सगळा प्रश्न घर्षणाचा आहे. रिंग, लायनर, बेअरिंग, पंप हे सगळे आपापला वाटा खातात. इंजिन नवे असताना आणि ऑइल चांगले असताना डिझेल कमी लागते, झिजले की जास्त लागते, हे मी स्वतः मोजलेले आहे. घर्षण शून्य करता आले तर तुमचे ६१ टक्के मिळायला हवेत, असे मला वाटते. आता ते शून्य करता येत नाही, म्हणून यंत्र कमी पडते.

निवृत्त_संचचालक

मखमलाबादकर सर, मी २१० मेगावॉटच्या संचांवर नोकरी केली आहे, त्यामुळे या प्रश्नाबद्दल मला फार आपुलकी आहे. खालचे आकडे त्या पिढीच्या संचांचे सर्वसाधारण आकडे समजावेत, ते कोणत्याही एका केंद्राच्या नोंदवहीतले नाहीत.

फिटरदादांचे म्हणणे डिझेल इंजिनाबाबत काही प्रमाणात बरोबर आहे, पण इथे ते लागू पडत नाही. एवढ्या मोठ्या टर्बाइनच्या बेअरिंगमध्ये जाणारी शक्ती एक टक्कासुद्धा नसते. तुमचे सव्वीस टक्के बेअरिंगमध्ये शोधले तर सापडणार नाहीत.

खरी गोष्ट अशी, की ६१ हा आकडा काढताना आपण एक मोठी गोष्ट गृहीत धरली आहे आणि तीच खरी नाही. कार्नोचे सूत्र असे सांगते, की जर यंत्राने सगळी उष्णता ८१३ केल्विनला घेतली आणि सगळी टाकाऊ उष्णता ३१८ केल्विनला सोडली, तर जास्तीत जास्त ६१ टक्के काम मिळेल. सोडण्याची बाजू ठीक आहे, कारण कंडेन्सरमध्ये वाफेचे पाणी एकाच तापमानाला होते. घेण्याच्या बाजूला मात्र ५४० हे फक्त शेवटचे टोक आहे. वाफ टर्बाइनच्या दारात उभी असते तेव्हाचा तो आकडा आहे, आणि तिथपर्यंत येईस्तोवर तिने आपली बहुतेक उष्णता बऱ्याच कमी तापमानाला घेऊन झालेली असते.

एक किलो पाण्याबरोबर बॉयलरमधून जाऊन पाहा. फीडवॉटर सुमारे २४५ अंशांचे आत येते. १५० बारच्या दाबाखाली पाणी ३४२ अंशांना उकळते, तिथपर्यंत तापायला त्याला अंदाजे ५५० किलोज्यूल लागतात. मग उकळायला सुरुवात होते आणि पूर्ण वाफ होईपर्यंत आणखी १००० किलोज्यूल खर्च होतात. या सगळ्या काळात तापमान ३४२ वरून हलत नाही. त्यानंतर सुपरहीटरमध्ये ३४२ पासून ५४० पर्यंत चढायला ८०० च्या आसपास लागतात. म्हणजे २३५० पैकी १५५० किलोज्यूल ३४२ अंशांच्या आत किंवा ३४२ वरच घेतले गेले. रिहीटरमध्ये वाफ पुन्हा एकदा तापते, तिथे सरासरी थोडी वर असते. या सगळ्याची योग्य ती सरासरी काढली तर उष्णता घेण्याचे परिणामी तापमान ६३५ केल्विन, म्हणजे ३६० अंशांच्या जवळपास येते.

आता पुन्हा सूत्र लावा. ३१८ भागिले ६३५, उत्तर जवळजवळ अर्धे. म्हणून या संचाची खरी कमाल मर्यादा ६१ नसून ५० टक्के आहे, आणि यात अजून कुठेही घर्षण, गळती किंवा जुनेपणा आलेला नाही. यंत्र अगदी निर्दोष असते तरी ते ५० वरच थांबले असते.

पुढचा हिशेब आम्ही हीट रेटने, म्हणजे एक युनिट विजेमागे किती उष्णता लागते या आकड्याने, करायचो. एका युनिटला ८६० किलोकॅलरी ही शंभर टक्क्यांची भाषा, आणि टर्बाइनचा हीट रेट १९८० च्या आसपास असायचा. ८६० भागिले १९८० म्हणजे ४३ टक्क्यांच्या थोडे वर. पन्नासवरून इथे येण्याचे मुख्य कारण टर्बाइनच्या पात्यांमधून जाताना वाफेच्या आतच होणारी घुसळण हे आहे, त्यात व्हॉल्व्हवर वाया जाणारा दाब आणि शेवटच्या पात्यांवरची ओली वाफ यांचीही भर पडते. त्यापुढे बॉयलर कोळशातल्या उष्णतेपैकी ८७ टक्के पाण्याला देतो आणि उरलेली मुख्यतः चिमणीतून जाते, की झाले ३७-३८ टक्के. शेवटी पंखे, फीड पंप, कोळशाच्या चक्क्या केंद्रातलीच वीज वापरतात, ती वजा केली की तुमच्या परिचितांचे ३४ येतात. यातली सर्वात मोठी पायरी पहिलीच आहे, ६१ वरून ५० ची, आणि नेमकी तीच कोणाच्या नजरेस पडत नाही.

मखमलाबादकर

साहेब, आपण फार सोपे करून सांगितलेत. मग एक बाळबोध शंका विचारतो. सगळी उष्णता ५४० अंशांनाच का देता येत नाही? आणि टॉवरवरच्या त्या वाफेचे काहीच करता येत नाही का?

निवृत्त_संचचालक

शंका बाळबोध मुळीच नाही. पाणी ५४० अंशांना उकळवता आले असते तर प्रश्नच मिटला असता, पण पाण्याचा स्वभाव आडवा येतो. दाब वाढवत नेला की उत्कलनबिंदू वाढतो खरा, परंतु २२१ बार आणि ३७४ अंश या बिंदूला पाणी आणि वाफ यांच्यातला फरकच संपतो. त्यावर उकळणे नावाची गोष्ट राहत नाही. अतिक्रांतिक संच याच्याही वरच्या दाबावर चालवतात आणि त्यामुळे त्यांची सरासरी वर जाते. पण पाणी थंड टोकापासून हळूहळू तापते, ही गोष्ट तिथेही टळत नाही.

आम्ही सरासरी वर ठेवण्यासाठी एक गोष्ट करायचो आणि ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. टर्बाइनमधून चालू असलेली वाफ मधेच काढून घेऊन तिने फीडवॉटर तापवायचे. काम करू शकणारी वाफ पाणी तापवायला वापरणे हे नुकसानीचे दिसते. परंतु त्यामुळे बॉयलरला ४५ अंशांच्या पाण्याऐवजी २४५ अंशांचे पाणी मिळते आणि सगळ्यात कमी तापमानाची उष्णता बाहेरून घ्यावीच लागत नाही. फीड हीटर बंद पडला की मेगावॉट क्षणभर वाढलेले दिसायचे, कारण ती वाफ टर्बाइनमध्ये पुढे जायची, आणि त्याच वेळी प्रत्येक युनिटमागे कोळसाही वाढायचा. नवीन मुलांना हे पॅनेलवर उभे राहून दाखवावे लागायचे, नाहीतर पटत नसे.

वर ५४० च्या पुढे का जात नाही, तर सुपरहीटरच्या नळ्यांच्या पोलादामुळे. त्या तापमानाला दाबाखालचे पोलाद वर्षानुवर्षे हळूहळू ताणले जाते आणि पंधरा-वीस अंश जास्त चढवले तरी नळीचे आयुष्य झपाट्याने घटते. भट्टीतली ज्वाला १३०० अंशांच्याही वर असते. तिथून ५४० पर्यंतचे तापमान आपण काहीही काम न घेता उतरू देतो.

टॉवरचे म्हणाल, तर एका संचाच्या कंडेन्सरमधून सुमारे २६५ मेगावॉट उष्णता बाहेर पडते, म्हणजे विजेपेक्षा जास्त. पण ती ४० अंशांच्या पाण्यात असते. हवा ३० अंशांची धरली तर या दोहोंमध्ये आदर्श इंजिन बसवूनसुद्धा ३ टक्के मिळतील. शिवाय ते इंजिन मधे बसवायचे म्हणजे कंडेन्सरला उष्णता सोडायला आणखी एक अडसर, त्याने कंडेन्सरचे तापमान वाढणार आणि मोठ्या टर्बाइनचे नुकसान या मिळकतीहून अधिक होणार. आपल्या लेकीला सांगा, की ती उष्णता प्रमाणाने खूप आहे, पण तिची पातळी आता नदीच्या पातळीला आलेली आहे.

वर्गमूळ

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. कार्नोची मर्यादा गाठायची तर उष्णता अत्यंत सूक्ष्म तापमानफरकाने वाहायला हवी, म्हणजे अत्यंत मंद गतीने. असे इंजिन ६१ टक्के देईल, पण त्याची शक्ती शून्य असेल. शक्ती हवी असेल तर तापमानात फरक ठेवावाच लागतो. १९७५ मध्ये कर्झन आणि आलबोर्न यांनी याचा हिशेब मांडला आणि जास्तीत जास्त शक्ती मिळते तेव्हाची कार्यक्षमता एक वजा थंड-गरम तापमानांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ इतकी येते, असे दाखवले. त्यांनी इंग्लंडमधल्या वेस्ट थरॉक केंद्राचे उदाहरण घेतले होते: वाफ ५६५ अंश, थंड बाजू २५ अंश. कार्नोप्रमाणे ६४ टक्के, त्यांच्या सूत्राप्रमाणे ४० टक्के आणि प्रत्यक्षात ३६ टक्के. आपल्या आकड्यांना हेच लावले तर ३१८ भागिले ८१३ चे वर्गमूळ ०.६२५, म्हणजे ३७.५ टक्के, आणि साहेबांचे उत्तरही ३७-३८ च आहे. मला वाटते खरी मर्यादा हीच आहे आणि कार्नोची केवळ तात्त्विक आहे.

निवृत्त_संचचालक

सर, त्या सूत्राचे सौंदर्य मलाही मान्य आहे आणि शक्ती हवी तर तापमानफरक सोसावा लागतो, हे तर आम्ही रोज पाहिले आहे. पण त्याला मर्यादा म्हणणे मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या दोघांच्या आकड्यांतच आहे. माझ्या ३७-३८ मध्ये चिमणीतून गेलेली उष्णता धरलेली आहे. त्या सूत्रात चिमणी नाहीच. त्यात पाण्याला पोचलेली उष्णताच मोजली जाते. मग तुलना टर्बाइनच्या ४३ टक्क्यांशी करायला हवी, आणि ४३ हे ३७.५ पेक्षा जास्त आहेत. ज्या रेषेच्या वर चालणारे यंत्र रोज वीज देते आहे, ती रेषा मर्यादा कशी होईल? कोणतेही केंद्र जास्तीत जास्त शक्तीसाठी बांधलेले नसते. कोळसा आयुष्यभर विकत घ्यायचा असतो, म्हणून मालक कंडेन्सर आणि हीटर थोडे मोठे बांधून शक्तीऐवजी कार्यक्षमतेकडे झुकतो.

वर्गमूळ

चिमणीचा मुद्दा मला मान्य आहे, तो माझ्याकडून सुटला. तरीही प्रश्न पूर्ण सुटला असे वाटत नाही. गरम साठा म्हणून वाफेचे तापमान धरायचे की ज्वालेचे? उष्णता तर ज्वालेतूनच येते. १६०० केल्विन धरले तर माझ्याच सूत्राने ५५ टक्के येतात आणि तुमचे ४३ त्याच्या खाली राहतात. साठा कुठे संपतो आणि इंजिन कुठे सुरू होते, ही रेघ कोणी आखायची?

निवृत्त_संचचालक

ती रेघ आखणाऱ्याच्या प्रश्नावर अवलंबून आहे, असे मी म्हणेन. टर्बाइनवाल्याला वाफेपासून मोजू द्यावे, बॉयलर बांधणाऱ्याने ज्वालेपासून मोजावे. यावर आपले एकमत होईलच असे नाही.

द्वितीय_वर्ष

काका, मी यांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सूत्र पाठ आहे, परीक्षेत लिहितेही, पण ते मोडता का येत नाही हे मला कधी आतून समजले नाही. उद्या कोणी फार हुशारीने इंजिन बनवले, वाफेऐवजी वेगळाच द्रव वापरला, तर त्याला ही मर्यादा का लागू व्हावी? सूत्रात द्रवाचे नावच नाही.

निवृत्त_संचचालक

बेटा, सूत्रात द्रवाचे नाव नाही हेच १८२४ साली कार्नोने पकडले. सोपे आकडे घे. गरम साठा ८०० केल्विन, थंड साठा ३२० केल्विन, आणि थंड साठा म्हणजे आपली गोदावरी असे समज. यांच्यामध्ये प्रतिवर्ती, म्हणजे मागे-पुढे दोन्हीकडे सारखेच चालणारे इंजिन १०० एकक उष्णता घेऊन ६० एकक काम देते आणि ४० नदीत सोडते. ते उलटे चालवले तर ६० काम घेऊन नदीतून ४० उचलते आणि गरम साठ्यात १०० टाकते.

आता तुझा हुशार माणूस म्हणतो, की माझे इंजिन १०० मधून ७० काम देते आणि ३० च नदीत सोडते. ठीक आहे, त्याच्या ७० पैकी ६० घेऊन आपण आपले इंजिन उलटे फिरवू. त्याने गरम साठ्यातून १०० काढले, आपण १०० परत टाकले; म्हणजे बॉयलर बंद करून टाकला तरी चालेल. त्याने नदीत ३० सोडले, आपण ४० उचलले. म्हणजे नदीतून १० गेले. आणि हातात १० काम उरले. कोळसा न जाळता, दुसरे कोणतेही थंड ठिकाण न लागता, फक्त गोदावरीच्या पाण्यातली उष्णता काढून वीज तयार झाली! असे घडत नाही, हाच उष्मागतिकीचा दुसरा नियम आहे. तो तर्काने सिद्ध झालेला नाही. आजवर असे होताना कोणी पाहिलेले नाही, यावर तो उभा आहे. पण एकदा तो मान्य केला की ७० वाले इंजिन वाफेचे असो, हवेचे असो की आणखी कशाचे, त्याला जागा राहत नाही.

प्रत्यक्षातली इंजिने या मर्यादेच्याही खाली का राहतात, याचे उत्तरही यातच आहे. ६० मिळवणारे इंजिन उलट चालवता आलेच पाहिजे. वाफ झडपेतून फुसकन निसटली, गरम धातूवरून थंड पाण्याकडे उष्णता मोठ्या फरकाने गेली, की ते पाऊल उलटे टाकता येत नाही. असे प्रत्येक पाऊल काही काम कायमचे घेऊन जाते.

सातपूर_फिटर

साहेब, आता थोडे उमजले. म्हणजे माझ्या डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये क्षणभर दोन हजार अंश होतात, आणि एक्झॉस्ट साडेचारशे अंशांचा बाहेर टाकतो. ते घर्षण नाही, ती गरम असतानाच सोडून दिलेली उष्णता आहे. पण घर्षण अगदीच नगण्य आहे हे मी मान्य करणार नाही. झिजलेल्या इंजिनात फरक पडतो, हे मी डिझेल मोजून पाहिले आहे.

निवृत्त_संचचालक

दादा, तुमचे मोजमाप खरे आहे. पिस्टनच्या इंजिनात घर्षणाचा वाटा टर्बाइनपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि रिंग झिजल्या की दाबही निसटतो.

झीज ओळखण्यावरून आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. एका मे महिन्यात आमच्या संचाचे कंडेन्सर व्हॅक्यूम उतरायला लागले. सगळ्यांनी उन्हाळ्याला दोष दिला, कारण थंड पाणी गरम झाले की व्हॅक्यूम उतरतेच. मी तीन तापमाने कागदावर लिहिली. थंड पाणी ३१ अंशांचे आत येत होते, ४० चे बाहेर जात होते आणि वाफ ५१ ला पाणी होत होती. बाहेर जाणारे पाणी आणि वाफ यांच्यात ११ अंशांचे अंतर! महिन्यापूर्वीच्या नोंदीत हेच अंतर ५ होते. ऊन वाढले असते तर तिन्ही आकडे बरोबर वर सरकले असते आणि अंतर तेच राहिले असते. अंतर वाढले याचा अर्थ नळ्यांच्या आत थर बसला होता आणि तेवढीच उष्णता पलीकडे जायला जास्त तापमानफरक लागत होता. रात्री भार कमी करून अर्धे-अर्धे कंडेन्सर उघडले, नळ्यांतून ब्रश मारले. नखाएवढ्या जाडीचा राखाडी गाळ निघाला. दुसऱ्या दिवशी वाफ पुन्हा ४५ ला पाणी होऊ लागली.

या ६ अंशांची किंमत काढा. ६ भागिले ६३५, म्हणजे जवळपास एक टक्का, तोही ५० पैकी. २१० मेगावॉटमध्ये ते चार मेगावॉट होतात, कोळसा तेवढाच जाळून. आणि गरम बाजूची सरासरी ६ अंशांनी वाढवली असती तर याच्या निम्माच फायदा झाला असता, कारण गरम बाजूचे तापमान थंडपेक्षा दुप्पट आहे. म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलांना भट्टीपेक्षा कंडेन्सरकडे आधी पाहायला लावत असे.

पिंपळगावचा_कारखानदार

नमस्कार मंडळी. धागा वाचून मला माझाच प्रश्न विचारावासा वाटला, विषयांतर होत असेल तर क्षमा असावी. पिंपळगावजवळ माझे टोमॅटो प्रक्रियेचे छोटे युनिट आहे. हंगामात निर्जंतुकीकरणाच्या टप्प्यानंतर ९० अंशांचे पाणी ताशी ५००० लिटर बाहेर पडते. एका विक्रेत्याने या पाण्यावर वीज बनवणारे यंत्र सुचवले आहे. त्याचा हिशेब असा: पाणी ९० वरून ३० पर्यंत थंड केले तर ३५० किलोवॉट उष्णता मिळते, कार्नोप्रमाणे ९० आणि ३० मध्ये साडेसोळा टक्के, म्हणजे ५८ किलोवॉट, आम्ही ५० ची हमी देतो, म्हणजे निसर्गनियमाच्या आतच आहोत. मला हे पटण्यासारखे वाटले. वीजबिल पाहता यंत्र दोन-तीन वर्षांत फिटेल. ते घ्यावे का?

निवृत्त_संचचालक

हे विषयांतर नाही, हा तोच विषय आहे. आगाऊ रक्कम दिली नसेल तर कृपया थांबा.

चूक तीच आहे जी मखमलाबादकर सरांच्या ६१ मध्ये होती. ९० हे फक्त पहिल्या थेंबाचे तापमान आहे. उष्णता काढायला लागल्याबरोबर पाणी थंड होते, आणि शेवटचा वाटा ३१-३२ अंशांच्या पाण्यातून घ्यायचा आहे, ज्यातून जवळजवळ काहीच काम निघत नाही. दहा-दहा अंशांचे सहा टप्पे करा. प्रत्येकात ५८ किलोवॉट उष्णता आहे. पहिला टप्पा सरासरी ८५ अंशांचा, त्यात आदर्श इंजिन १५.४ टक्के देईल. ७५ ला १२.९, ६५ ला १०.४, ५५ ला ७.६, ४५ ला ४.७ आणि ३५ ला फक्त १.६. सरासरी ८.८ टक्के निघते. ३५० किलोवॉटमधून ३१ किलोवॉट, त्याहून एक वॉटही जास्त नाही, आणि तेही जगात कोणी बांधू शकणार नाही अशा निर्दोष यंत्राने. ५० ची हमी वरवर पाहता मर्यादेच्या आत दिसते, प्रत्यक्षात ती खऱ्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त आहे.

पिंपळगावचा_कारखानदार

हे वाचून पोटात गोळा आला. टोकन दिलेले नाही. मग प्रत्यक्षात किती मिळू शकेल?

निवृत्त_संचचालक

माझा अंदाज पाच-सहा किलोवॉटचा आहे. अशा यंत्रात कमी तापमानाला उकळणारा द्रव असतो. तो ६५ अंशांना उकळवायचा असेल तर पाणी ७० च्या खाली उतरवता येत नाही, कारण मधल्या पत्र्यातून उष्णता जायला थोडा फरक लागतोच. म्हणजे ६० पैकी २० अंशच वापरले गेले, ३५० मधले ११६ किलोवॉट. थंड बाजूला द्रव ४० ला निववावा लागेल. ६५ आणि ४० मध्ये मर्यादा ७.४ टक्के. त्यात छोट्या टर्बाइनचे आणि पंपाचे नुकसान धरा. उकळण्याचे तापमान कमी करून जास्त उष्णता घेता येते, पण मग टक्के घटतात. दोन्ही हातात राहत नाहीत.

तुम्ही बॉयलरला पाणी किती तापमानाचे देता?

पिंपळगावचा_कारखानदार

विहिरीचे थेट, २८ अंशांचे. ताशी २००० लिटर.

निवृत्त_संचचालक

मग वीज बनवण्याच्या नादी लागू नका. एक प्लेट हीट एक्स्चेंजर बसवून या गरम पाण्याने ते विहिरीचे पाणी ८० अंशांपर्यंत तापवा. २००० लिटर, ५२ अंश, म्हणजे सुमारे १२० किलोवॉट उष्णता. उष्णतेचे उष्णतेतच रूपांतर असल्याने इथे कार्नो आडवा येत नाही, आणि तेवढे इंधन बॉयलरमध्ये थेट वाचते. पाच-सहा किलोवॉट विजेशी याची तुलना तुमच्या इंधनाच्या दराने तुम्हीच करून पाहा.

वर्गमूळ

मी सहा टप्प्यांऐवजी लॉगरिदम घेऊन पाहिले, ८.७६ टक्के आले. साहेबांची पद्धत अचूक आहे. उद्या वर्गात मी हेच उदाहरण घेणार आहे, आधी विक्रेत्याचा हिशेब फळ्यावर लिहून मुलांना त्यातली चूक शोधायला सांगणार आहे.

मखमलाबादकर

मुलीला सगळा धागा वाचून दाखवला. तिने विचारले, की भट्टीत १३०० अंश असतात तर त्या वरच्या भागात आणखी एक इंजिन का बसवत नाहीत?

निवृत्त_संचचालक

तिने बरोबर जागी बोट ठेवले आहे. नैसर्गिक वायू असेल तर तसे करतात. गॅस टर्बाइन १४००-१५०० अंशांपासून काम घेते आणि तिच्या गरम धुरावर खाली वाफेचे टर्बाइन चालते. अशी जोडकेंद्रे ६० टक्क्यांच्या वर गेलेली आहेत. कोळशाच्या धुरात मात्र राख असते आणि ती पाती टिकू देत नाही.

पिंपळगावचा_कारखानदार

चार दिवसांनी लिहितो आहे. विक्रेत्याला फोन करून एकच विचारले, की यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान तुम्ही किती धरले आहे? त्याने हिशेब पाठवतो म्हणून सांगितले, अजून आलेला नाही. दरम्यान मी पाइपवर थर्मामीटर बांधून दर अर्ध्या तासाने नोंद ठेवली. ९० फक्त सकाळी सुरुवातीला दिसते, दिवसभर ८२ ते ८५ असते. आता एक्स्चेंजरबद्दल दोन अडचणी आहेत. या पाण्यात कधीकधी टोमॅटोचा बारीक गर येतो, आणि विहिरीचे पाणी क्षारयुक्त आहे, किटलीत पांढरा थर बसतो. प्लेटा चोंदणार नाहीत का?

निवृत्त_संचचालक

चोंदतील. गरासाठी आधी जाळीची गाळणी लावावी लागेल. क्षार ६० अंशांच्या वर झपाट्याने बसतात, म्हणून पाणी सॉफ्टनरमधून आले पाहिजे. तो नसेल तर बॉयलरच्या नळ्यांतही थर असणारच. पाण्याची कठीणता तपासून आकडा इथे टाका. आणि एक्स्चेंजरच्या चारही तोंडांना थर्मामीटरसाठी जागा ठेवायला सांगा. गरम पाणी ८४ चे आत आणि विहिरीचे ८० चे बाहेर, असे पहिल्या दिवशी ४ अंशांचे अंतर असेल. भार तोच असताना ते १० झाले, की प्लेटा उघडायची वेळ झाली.

पिंपळगावचा_कारखानदार

सॉफ्टनर आहे, पण दोन हंगाम रेझिन बदललेले नाही. सोमवारी नमुना तपासायला देतो.